अर्धा गट शहरात, अर्धा गावात

वाचकाचा प्रश्न : माझ्या वडिलोपार्जित गट नंबर 214 मध्ये मी 2018 साली ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन घर बांधले. घरपट्टी आजही ग्रामपंचायतीतच भरतो. 2021 च्या अधिसूचनेने आमच्या गावाचा काही भाग महानगरपालिकेत गेला, परंतु ‘ओढ्याअलीकडचे गावातच राहिले’ असे सगळे सांगतात. आता महानगरपालिकेचे कराचे बिल आले आणि पाठोपाठ विनापरवाना बांधकामाची नोटीसही आली. त्यात ‘स.नं. 87’ लिहिले आहे. पिनकोड आणि वीजबिल गावाचेच आहे. आजोबांच्या वेळच्या फेरफारात या गटापुढे 87/2 आणि 92/1 असे जुने नंबर दिसतात. उरलेली शेती विकण्याचाही विचार आहे. माझी जागा नक्की कुठे धरायची?

उत्तर : पिनकोड टपालाच्या सोयीसाठी असतो आणि वीजबिलावरचा पत्ता वीज कंपनीच्या उपविभागानुसार छापला जातो. हद्दीच्या वादात या दोहोंना फारसे वजन नाही. गावकऱ्यांच्या सांगण्यालाही नाही. शहराची हद्द राज्य शासन महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 3 खाली राजपत्रातील अधिसूचनेने ठरवते आणि बदलते, व त्यापूर्वी तिचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध करावा लागतो. म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या अधिसूचनेच्या अनुसूचीत आहे. आपण ती स्वतः वाचलेली दिसत नाही, आणि बहुधा नोटीस काढणाऱ्या लिपिकानेही ती शेवटपर्यंत वाचलेली नसावी.

अनुसूचीत गावाचे नाव दोन प्रकारे येते. संपूर्ण गाव समाविष्ट असेल तर वादाला जागाच नसते. गाव अंशतः समाविष्ट असेल तर सर्व्हे किंवा गट नंबरांची यादी असते, किंवा चारही बाजूंच्या सीमांचे शब्दांत वर्णन असते, आणि काही वेळा दोन्ही असते. हा प्रकार विरळा नाही. पुणे महानगरपालिकेत 2017 साली 11 गावे आली, त्या यादीत लोहगाव ‘उर्वरित’ असे नोंदवलेले आहे, कारण त्याचा बाकी भाग आधीच शहरात होता. मधल्या वर्षांत तेथील कोणालाही ‘मी लोहगावचा’ एवढे सांगून आपली जागा कोणत्या हद्दीत आहे हे सिद्ध करता आले नसते. हद्द मागेही सरकते. त्याच यादीतील फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे 2024 मध्ये महानगरपालिकेतून वगळली गेली. त्यामुळे मूळ अधिसूचनेबरोबर तिच्यानंतरचे शुद्धिपत्रक किंवा दुरुस्ती निघाली आहे का, हेही पाहावे.

आता आपला गट. आपल्या फेरफारातली जी नोंद आपण जाता जाता सांगितली आहे, ती या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. जमीन एकत्रीकरण योजनेत लगतचे तुकडे जोडून गट पाडले गेले, तेव्हा दोन वेगळ्या सर्व्हे नंबरांचे हिस्से एकाच गटात येणे स्वाभाविक होते. आपल्या गट 214 मध्ये 87/2 आणि 92/1 असे दोन हिस्से आलेले दिसतात. समजा अनुसूचीत ‘स.नं. 84 ते 88’ असे लिहिले असेल. मग 87/2 शहरात गेला आणि 92/1 गावात राहिला, म्हणजे आपला एकच गट दोन हद्दींत विभागला गेला. सातबारा एक, मालक एक, आणि हद्द मधोमध. नोटिशीत गट नंबर न लिहिता ‘स.नं. 87’ लिहिले आहे ते यामुळेच असावे.

हे निश्चित करण्यासाठी तालुक्याच्या भूमि अभिलेख उपअधीक्षकांकडून गटाचा नकाशा, एकत्रीकरणाचा जबाब आणि जुन्या सर्व्हे नंबरांची फाळणी यांच्या प्रमाणित नकला घ्याव्यात. 87/2 चे क्षेत्र किती आणि त्याची बाजू कोणती, हे त्यांवरून कळते. नंतर सरकारी मोजणीचा अर्ज करावा. अर्जात केवळ ‘हद्द कायम’ न लिहिता, जुन्या स.नं. 87/2 व 92/1 मधील रेषा आणि सध्याचे घर हे दोन्ही नकाशावर दाखवावे, अशी स्पष्ट विनंती करावी. ती लिहिली नाही तर भूकरमापक गटाच्या बाहेरच्या हद्दी मोजून ‘क’ प्रत देतो, आणि आपल्याला जी आतली रेषा हवी असते ती त्या प्रतीत नसते. माझ्या एका पक्षकाराची मोजणी याच कारणाने दुसऱ्यांदा करावी लागली, आणि दोन मोजण्यांमधल्या महिन्यांत नोटिशीची मुदत निघून गेली.

ओढ्याबद्दल इतकेच, की अनुसूचीत नंबरांची यादी असेल तर ओढा गौण ठरतो. सीमेच्या वर्णनात ‘ओढा’ हा शब्द असेल, तर माझ्या मते मोजणीच्या नकाशावरचा ओढ्याचा प्रवाह धरावा, पावसाने किंवा भरावाने पुढे सरकलेला आजचा प्रवाह नव्हे. दोन गावांच्या किंवा सर्व्हे नंबरांच्या हद्दीविषयी खरोखरच तंटा उभा राहिला, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 135 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे चौकशी मागता येते. आपल्या बाबतीत मात्र ती वेळ येईल असे वाटत नाही, कारण कागद जुळले की रेषा सापडेल.

दोन्हीकडून कराची मागणी का येते, हेही यातच दडलेले आहे. संपूर्ण गाव समाविष्ट झाले की ग्रामपंचायतच संपते आणि तिचे दप्तर महानगरपालिकेकडे जाते. अंशतः समावेशात ग्रामपंचायत टिकून राहते, आणि तिच्या आकारणी नोंदवहीतून, म्हणजे नमुना 8 मधून, गेलेल्या मिळकती कोणी वगळल्या नाहीत तर बिले चालूच राहतात. आपले घर 87/2 च्या बाजूला निघाले, तर अधिसूचनेनंतर ग्रामपंचायतीला भरलेली घरपट्टी परत मागावी लागेल. महानगरपालिका ती रक्कम आपोआप वजा करत नाही. उलट घर 92/1 च्या बाजूला असेल, तर महानगरपालिकेची आकारणी रद्द करण्यासाठी मोजणीचा नकाशा जोडून लेखी हरकत घ्यावी. मुदत बिलावर किंवा आकारणीच्या नोटिशीवर छापलेली असते. ती चुकवल्यास पुढचे अपील न्यायालयात असते आणि तेथे मागणीची रक्कम आधी भरावी लागते. बिलात ‘शास्ती’ असा वेगळा रकाना आहे का तेही पाहा. अवैध बांधकामावर अधिनियमाच्या कलम 267अ खाली आकारली जाणारी ती रक्कम मूळ कराहून निराळी असते. नव्याने आलेल्या भागाला कर टप्प्याटप्प्याने लागू करण्याची तरतूद अधिनियमात असल्याने, बिलात पूर्ण शहरी दर लावला असेल तर तोही हरकतीचा मुद्दा होतो.

बांधकामाच्या नोटिशीबद्दल मात्र मला थोडे अप्रिय लिहावे लागेल. हद्दीचा वाद आपण जिंकलात तरी घराचा प्रश्न सुटेलच असे नाही. समावेशापूर्वी सक्षम प्राधिकाऱ्याने दिलेली परवानगी केवळ गाव शहरात गेले म्हणून निष्फळ होत नाही, आणि 2018 साली तेथे महानगरपालिका नव्हतीच, हा मुद्दा आपल्या बाजूचा आहे. परंतु प्रश्न सक्षमतेचा आहे. ज्या जागेला गट नंबर आणि सातबारा आहे, ती बहुधा गावठाणाबाहेर असते. गावठाणाबाहेर, प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात बांधकामाची परवानगी नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 18 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडून घ्यावी लागते. सरपंच व ग्रामसेवकांच्या सहीचा दाखला तेथे पुरत नाही, आणि वर्षानुवर्षे घरपट्टी भरल्याने तो पुरेसा होत नाही. हे आपल्या कागदांवर तपासा : त्या वेळी बिनशेती आदेश किंवा तहसील अथवा नगररचना कार्यालयाचा मंजूर नकाशा झाला होता का? झाला असेल तर त्याच्या प्रती जोडून नोटिशीला उत्तर द्या. प्रकरण बहुधा तेथेच थांबेल.

झाला नसेल, तर नोटीस कोणत्या कलमाखाली आहे ते पाहावे. ती नगररचना अधिनियमाच्या कलम 53 खाली असल्यास, नोटिशीच्या मुदतीतच बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम 44 खाली अर्ज करता येतो, आणि त्या अर्जाचा निर्णय होईपर्यंत केवळ नोटिशीच्या आधारे बांधकामावर परिणाम होत नाही. मोजणी होईपर्यंत थांबू नका. ‘सदर जागा महानगरपालिकेच्या हद्दीत असल्याबद्दलची माझी हरकत अबाधित ठेवून’ अशा शब्दांनी सुरुवात करून उत्तर व अर्ज दोन्ही आताच दाखल करा, आवक शिक्क्याची प्रत घ्या, आणि मोजणीचा नकाशा नंतर सादर करण्याची मुभा मागा.

शेती विकण्याच्या बाबतीत हीच रेषा वेगळ्या रीतीने आडवी येते. गावातील शेतजमीन प्राप्तिकरातून सुटते ही समजूत अर्धीच खरी आहे. 1961 च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम 2(14) नुसार, किमान 10,000 लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या किंवा महानगरपालिकेच्या हद्दीतील शेतजमीन भांडवली मालमत्ताच धरली जाते. हद्दीबाहेरची जमीनसुद्धा हद्दीपासून ठराविक अंतरात असेल तर तशीच धरली जाते. शहराची लोकसंख्या 1 लाखापर्यंत असेल तर 2 किलोमीटर, 1 ते 10 लाख असेल तर 6 किलोमीटर, आणि त्याहून अधिक असेल तर 8 किलोमीटर. अंतर रस्त्याने नव्हे, सरळ हवाई रेषेत मोजायचे असते. म्हणून 92/1 गावात राहिला तरी तो शहराच्या रेषेला लागूनच आहे, आणि त्याच्या विक्रीच्या नफ्यावर करमुक्तीची आशा धरू नये. खरेदीदाराने ‘ग्रामपंचायत क्षेत्र’ असे खरेदीखतात लिहून घेतले तरी आपला कर टळणार नाही.

मुद्रांक शुल्काचेही जवळपास तसेच आहे. दर स्थानिक संस्थेच्या प्रकारानुसार बदलतो आणि वार्षिक बाजारमूल्य तक्त्यात गाव ‘प्रभाव क्षेत्रात’ दाखवलेले असेल तर ग्रामपंचायत असूनही वरचा दर लागू होऊ शकतो. त्यासाठी दुय्यम निबंधकांकडून गट नंबर देऊन मूल्यांकन काढून घ्यावे. मात्र मोजणीने दोन हिस्से वेगळे झाल्याशिवाय संपूर्ण गट एका दस्तात विकू नका. एकाच दस्तात दोन हद्दींतील क्षेत्र गेले आणि प्रत्येकाचे क्षेत्रफळ स्वतंत्र लिहिले नसेल, तर शुल्क कमी पडल्याची वसुली नंतर निघते, आणि ती निस्तरताना खरेदीदार प्रथम आपल्याच दारात येतो.