प्रश्नोत्तरे: मिलिव्होल्टचा सिग्नल आणि डायोडची दरी

प्रश्न: माझा सिग्नल 50 मिलिव्होल्ट पीकचा आहे. 1N4148 मधून काहीच बाहेर येत नाही. ऑप-अँप लावल्यावर मात्र येतं. ऑप-अँपने डायोडचा ड्रॉप नाहीसा कसा केला?

ड्रॉप नाहीसा झालेला नाही. तो फीडबॅकच्या आत गेलाय. सिग्नल नॉन-इन्व्हर्टिंग इनपुटला, ऑप-अँपच्या आउटपुटपासून डायोड, आणि इन्व्हर्टिंग इनपुट थेट डायोडच्या कॅथोडला जोडलेला, अशी ही साधी जोडणी. आउटपुटही त्या कॅथोडवरूनच घ्यायचं, तिथून ग्राउंडला 10k.

ऑप-अँपला फक्त कॅथोडवरचा व्होल्टेज दिसतो. तो 50 मिलिव्होल्ट होईपर्यंत ऑप-अँप स्वतःची पिन वर ढकलत राहतो. 10k मधून तेव्हा 5 मायक्रोअँपिअर वाहतात आणि एवढ्याशा करंटला 1N4148 साधारण 0.4 व्होल्ट खातो. म्हणजे ऑप-अँपची पिन 0.45 व्होल्टवर उभी असते. स्कोपचा दुसरा प्रोब त्या पिनवर लावून बघाच. पॉझिटिव्ह अर्ध्या लहरीत सिग्नलच्या डोक्यावर 0.4 व्होल्टचा चौथरा चढवलेला दिसेल.

हे 0.45 व्होल्ट उभे करायला इनपुटवर जो फरक लागतो, तेवढीच चूक उरते. गेन एक लाख धरला तर साडेचार मायक्रोव्होल्ट. पण एक लाख हा आकडा डीसीचा. TL072 या ऑप-अँपचा गेन 1 किलोहर्ट्झला 3000 च्या आसपास उरतो, म्हणजे चूक 0.15 मिलिव्होल्ट. तीही चालण्याजोगी आहे. खरी अडचण दुसरीकडेच आहे, ती पुढच्या पत्रात आली आहे.

प्रश्न: हीच जोडणी, TL072, सप्लाय ±12 व्होल्ट. 1 किलोहर्ट्झला ठीक दिसतं, पण 10 किलोहर्ट्झला अर्ध्या लहरीचा डावा भागच गायब. डेटाशीटमध्ये स्ल्यू रेट 13 व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद आहे, मग 11 व्होल्ट चढायला एक मायक्रोसेकंदही लागू नये. आयसी नकली आहे का?

आयसीवर संशय घेण्याआधी गणित पुन्हा मांडू. चूक बहुतेक तिथेच आहे, आणि ती जवळजवळ प्रत्येकाकडून एकदा होते. माझ्याकडूनही झाली होती. तेव्हा मी तीन आयसी बदलले होते.

सिग्नल निगेटिव्ह झाला की डायोड बंद होतो आणि फीडबॅक तुटतो. ऑप-अँप खाली खाली जात निगेटिव्ह सप्लायजवळ, समजा उणे साडेदहा व्होल्टवर, जाऊन आदळतो. सिग्नल पुन्हा पॉझिटिव्ह झाला की त्याला तिथून अधिक 0.4 पर्यंत, म्हणजे सुमारे 11 व्होल्ट चढायचं असतं. इथपर्यंत तुमचं बरोबर आहे.

मात्र स्ल्यू रेट म्हणजे कमाल वेग. तो गाठायला इनपुटवर भरपूर फरक हवा, TL072 ला साधारण 0.7 व्होल्ट. त्याहून कमी फरक असेल तर वेग फरकाच्या प्रमाणात घटतो:

```
dVo/dt = 2π × GBW × Vin
```

GBW म्हणजे गेन आणि बँडविड्थचा गुणाकार, तो 3 मेगाहर्ट्झ धरा. सिग्नल अगदी शिखरावर, 50 मिलिव्होल्टवर असतानाही हा वेग 0.94 व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद भरतो, 13 नव्हे. आणि शून्यातून निघताना तर सिग्नल एक-दोन मिलिव्होल्टच असतो. ऑप-अँप अक्षरशः रांगत निघतो. सगळं जोडत गेलं तर 10 किलोहर्ट्झला 11 व्होल्ट चढायला जवळपास 20 मायक्रोसेकंद लागतात. अर्धी लहर आहे 50 मायक्रोसेकंदांची. ऑप-अँप डायोड उघडतो तेव्हा सिग्नल शिखराच्या अगदी जवळ पोचलेला असतो. सॅच्युरेशनमधून सुटायला जो वेळ जातो तो वेगळा. सिग्नल याच उंचीचा ठेवून फ्रीक्वेन्सी वाढवत नेलीत, तर 27 किलोहर्ट्झच्या आसपास आउटपुट पूर्ण नाहीसं होईल.

आयसी नकली आहे का ते यावरून ठरत नाही. तसं पाहायचं असेल तर सिग्नल दोन व्होल्टचा करा. गायब भाग झपाट्याने आकसला तर आयसी त्याचं काम नीट करतोय.

प्रश्न: दोन डायोडची इन्व्हर्टिंग जोडणी केली (दोन्ही रेझिस्टर 10k). कापलेला भाग पुष्कळ कमी झाला. पण प्रत्येक अर्ध्या लहरीच्या सुरुवातीला आउटपुट क्षणभर शून्याखाली जातं. हा नॉईज कुठून येतो?

तो नॉईज नाही, तुमचाच सिग्नल आहे. या जोडणीत एक डायोड आउटपुटचा रस्ता उघडतो. दुसरा ऑप-अँपच्या पिनपासून इन्व्हर्टिंग इनपुटला जातो आणि नको त्या अर्ध्या लहरीतही फीडबॅक चालू ठेवतो. त्यामुळे ऑप-अँप सप्लायवर आदळत नाही, उणे 0.4 वर थांबतो. 11 व्होल्टची चढण आता 0.8 व्होल्टची झाली.

पण ते 0.8 व्होल्ट पार होईपर्यंत दोन्ही डायोड बंद असतात. ऑप-अँपचा आउटपुटशी संबंधच नसतो. उरतात इनपुट ते आउटपुट सलग दोन रेझिस्टर, 20k. आउटपुटवर फक्त स्कोपचा प्रोब असेल तर सिग्नल त्यांच्यातून न उलटता तसाच बाहेर येतो. तुम्हाला हवा होता पॉझिटिव्ह, दिसतो निगेटिव्ह. तोच हा खळगा.

50 मिलिव्होल्ट, 10 किलोहर्ट्झला तो साधारण 5 मायक्रोसेकंद टिकतो. एवढ्यात सिग्नल 16 मिलिव्होल्टवर पोचलेला असतो, म्हणजे शिखराच्या जवळजवळ एक तृतीयांश! 1 किलोहर्ट्झला खळगा 16 मायक्रोसेकंदांचा, पण खोली फक्त 5 मिलिव्होल्ट.

आउटपुटला जड लोड लावून खळगा दाबता येतो, पण तो पट्टी लावण्याचा प्रकार झाला. रेक्टिफायरच्या आधी दहापट अँप्लिफायर लावा. 500 मिलिव्होल्टला तीच दरी सुमारे 1.6 मायक्रोसेकंदांत पार होते आणि खळगा शिखराच्या दहाव्या हिश्शावर येतो. जास्त GBW चा ऑप-अँप हा दुसरा उपाय. 1N4007 मात्र इथे चुकूनही नको, तो बंद व्हायलाच फार वेळ घेतो.

ऑफसेटचंही इथेच सांगून टाकतो. TL072C चा ऑफसेट 10 मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो आणि या जोडणीत काम करणाऱ्या अर्ध्या लहरीत तो दुप्पट होऊन बाहेर पडतो. 50 मिलिव्होल्टच्या सिग्नलवर 20 ची चूक! आधी वाढवून मग रेक्टिफाय करायला हे दुसरं कारण. अँप्लिफायर आणि रेक्टिफायरच्या मध्ये कपॅसिटर टाका, म्हणजे अँप्लिफायरचा स्वतःचा ऑफसेट पुढे जाणार नाही.

प्रश्न: सरासरी मोजायला आउटपुटवर 10 मायक्रोफॅरॅड लावला. 50 मिलिव्होल्ट पीकला मीटर 16 दाखवायला हवा, दाखवतो पन्नासच्या जवळ. काय चुकलं?

तुम्ही पीक डिटेक्टर बनवलात. डायोडमधून कपॅसिटर झटकन भरतो, रिकामा मात्र फक्त फीडबॅकच्या 10k मधून होतो आणि त्याला दशांश सेकंद लागतो. 1 किलोहर्ट्झची लहर त्याच्यापुढे क्षणभराची.

मध्ये 100k टाकून मग कपॅसिटर लावलात तर सरासरीच्या जवळ याल, पण मीटर पाचेक टक्के जास्त दाखवेल: भरताना वाटेत 100k आणि रिकामं होताना 110k. TL072 मध्ये दुसरा ऑप-अँप आहेच, त्याचा बफर करा आणि आरसी फिल्टर त्याच्या पुढे लावा. मग 15.9 येईल.