एकाच बॅचच्या दोन डब्यांवर दोन एक्स्पायरी: तक्रार बेळगावात की कोल्हापुरात?

वकीलसाहेब, मी निपाणीचा. नोकरी कागलच्या एमआयडीसीत. मुलगा तालमीत जातो, त्याच्यासाठी जूनच्या सुरुवातीला ऑनलाइन व्हे प्रोटीनचे एक-एक किलोचे दोन डबे मागवले, मिळून ५,१९८ रुपये. ७ जून २०२५ ला घरपोच आले. एक डबा दोन आठवड्यांनी फोडला तर पावडरीच्या गुठळ्या, वास उग्र, पोराचं पोट तीन दिवस बिघडलं. मग नीट बघितलं. दोन्ही डब्यांवर बॅच नंबर एकच, बनवल्याचा महिना एकच ०३/२०२४, पण फोडलेल्या डब्यावर एक्स्पायरी ०८/२०२५ आणि दुसऱ्यावर ०२/२०२६, तीही चिकटवलेल्या कागदावर. विक्रेता म्हणतो, सात दिवसांची परत करायची मुदत संपली आणि गुठळ्या तुम्ही ओल्या जागी ठेवल्यामुळे झाल्या. दुसरा डबा फोडून बघू का? की दोन्ही टाकून देऊ? आणि विक्रेता दिल्लीकडचा, आम्ही कर्नाटकात, मी काम करतो महाराष्ट्रात. तक्रार करायची कुठं?

— एक वाचक, निपाणी

दुसरा डबा फोडू नका. तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे. फोडलेला डबाही टाकू नका, फक्त मुलाने त्यातलं यापुढे काही खायचं नाही. पोटाचं दुखणं डॉक्टरांना दाखवलं असेल तर केसपेपर आणि औषधाची बिलं आजच फाईलला लावा. दाखवलं नसेल तर त्या तीन दिवसांचा खर्च किंवा त्रास मागण्याच्या फंदात पडू नका. जे कागदावर नाही ते ग्राहक आयोगापुढे उभं राहत नाही.

गुठळ्यांवर वाद घालू नका. तिथे विक्रेता अर्धा बरोबर आहे. तंबाखूच्या वखारी बघत मोठ्या झालेल्या निपाणीकराला ओल म्हणजे काय हे मी बेळगावात बसून सांगायला नको. फोडलेली पावडर मृगाच्या हवेत चार दिवसही उघडी राहिली, ओला स्कूप आत गेला किंवा डबा गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर ठेवला, की अस्सल मालाच्याही गुठळ्या होतात. फ्रीजमध्ये ठेवला तर आणखी वाईट: गार डबा बाहेर काढून उघडला की दमट हवेतलं पाणी आत पावडरीवर धरतं. त्यामुळे फोडलेल्या डब्यावर तुम्ही काहीही सिद्ध करायला गेलात तरी समोरचा वकील एकच प्रश्न विचारील: “तो कुठे ठेवला होता?” आणि तुम्ही उत्तरात अडकाल.

न फोडलेल्या डब्याला हा प्रश्न लागू होत नाही. झाकणाखालचा फॉइलचा सील शाबूत असेल तर बाहेरची ओल आत जात नाही. उष्णता मात्र जाते. पत्र्याखालच्या गोदामात उन्हाळा काढलेला माल सीलबंद असूनही खवट होऊ शकतो, म्हणून आतल्या मालाबद्दल आत्ताच दावा करू नका. पण ओलीने किंवा उकाड्याने तारखेची चिठ्ठी चिकटत नाही. तुमचं प्रकरण त्या चिठ्ठीवर उभं आहे, गुठळ्यांवर नाही.

बॅच म्हणजे एका वेळी बनवून भरलेला एक घाणा. एका बॅचला बनवल्याची तारीख एक आणि एक्स्पायरीही एकच असते. मार्च २०२४ पासून अठरा महिने धरले तर ऑगस्ट २०२५ येतो, चोवीस धरले तर फेब्रुवारी २०२६. म्हणजे कुणीतरी अठराचे चोवीस केले आहेत. कंपनीच्या वेबसाइटवर त्या उत्पादनाची मुदत किती महिने दिली आहे ते बघा आणि त्या पानाचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट आजच काढा, कारण अशी पानं बदलतात. पॅकबंद मालाचे नियम (लीगल मेट्रॉलॉजी, २०११) सांगतात की पाकिटावरची सक्तीची माहिती बदलण्यासाठी वेगळी चिठ्ठी लावता येत नाही. किंमत कमी करायची असेल तेवढी सूट आहे, तीही मूळ किंमत न झाकता. परदेशी मालावर आयातदाराच्या नावाची, पत्त्याची चिठ्ठी असते, ती रीतसर असते. तारखेवर बसवलेली चिठ्ठी वेगळी.

आता एक सावधगिरी. हा माल नकलीच असेल असं नाही. दोन शक्यता आहेत: कुणीतरी नकली डबे छापले, किंवा डबे अस्सलच पण पडून राहिलेले आणि तारीख वाढवून विकले. हे कोण सांगू शकतो? ज्याचं नाव डब्यावर आहे तो उत्पादक. म्हणून पहिलं पत्र विक्रेत्याला नाही, त्याला लिहा. दोन्ही डब्यांचे तळ, झाकणं, लेबलं आणि चिठ्ठी यांचे फोटो जोडून विचारा: हा बॅच नंबर तुमचा आहे का, कुठल्या वजनाचा आणि चवीचा होता, त्याची एक्स्पायरी काय, आणि तो कुठल्या वितरकाला गेला. यातला शेवटचा प्रश्न ते टाळतील, बाकीच्यांचं उत्तर बहुतेक येतं. लक्षात घ्या, “हो, बॅच आमचा आहे” एवढ्या उत्तराने माल अस्सल ठरत नाही. नकली माल करणारा बाजारातला एक खरा डबा विकत घेऊन त्याचा नंबर हजार डब्यांवर छापतो. उलट बाजूने मात्र पुरावा पक्का असतो: असा बॅच नाही, किंवा तो दोन किलोचा होता, किंवा एक्स्पायरी ऑगस्ट २०२५ होती, असं लेखी आलं की विक्रेत्याकडे बोलायला फारसं उरत नाही.

डब्यावरचा क्यूआर कोडही सावधपणे वापरा. नकली डब्यावरचा कोड नकली वेबसाइटवर नेतो आणि ती आनंदाने “अस्सल” म्हणते. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून कोड तपासा. तसाच लेबलवरचा चौदा अंकी एफएसएसएआय परवाना foscos.fssai.gov.in वर टाकून बघा. नाव लेबलशी जुळलं नाही तर तो आणखी एक मुद्दा. आणि नेलपॉलिश रिमूव्हरने छापील तारीख घासून बघायचा सल्ला तालमीत कुणी दिला असेल तर हात आवरा. माझ्या एका अशिलाने हेच केलं आणि तारीखच पुसली गेली. विक्रेत्याने मग खाडाखोडीचा आळ त्याच्यावरच घेतला.

आज करायचं काम एवढं: दोन शेजारी बोलवा, सीलबंद डब्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, मग जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंडावर कागद चिकटवून तिघांच्या सह्या आणि तारीख घाला. पिशवी आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, कारण पावसाळ्यात तिथे बुरशी धरते आणि बुरशीने चिठ्ठी सुटली तर कठीण. फोडलेला डबा घट्ट बंद करून वेगळा ठेवा. ऑर्डर, बिल, विक्रेत्याशी झालेलं चॅट यांच्या प्रिंट काढा. बिलावर विक्रेत्याचं नाव आणि जीएसटी नंबर असतो. त्याचे पहिले दोन अंक राज्य सांगतात, २९ कर्नाटक, २७ महाराष्ट्र. वेबसाइट कितीही “आम्ही फक्त मध्यस्थ” म्हणाली तरी त्या विक्रेत्याचा पूर्ण पत्ता लेखी मागा, ई-कॉमर्स नियम २०२० नुसार तो द्यावा लागतो.

सात दिवसांची मुदत हा तुमच्या अडचणीतला सगळ्यात पोकळ भाग. त्याच नियमांत म्हटलं आहे की माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला परत घेणं आणि पैसे देणं नाकारता येत नाही. सात दिवस हे मन बदललं तर परत करायचे. ग्राहक आयोगापुढे जायला दोन वर्षं असतात. ७ जून २०२५ पासून मोजा. वेबसाइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. त्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निकाल द्यायचा असतो. त्याच वेळी विक्रेत्याला स्पीड पोस्टने पंधरा दिवसांची नोटीस पाठवा. नोटिशीत “तुम्ही नकली माल विकता” असं लिहू नका. “एकाच बॅचच्या दोन डब्यांवर दोन एक्स्पायरी आहेत, एक चिकटवलेली आहे” एवढंच लिहा. ते खरं आहे आणि त्यावर तुमच्यावर बदनामीचा दावा होत नाही. वेबसाइटवर दोन ओळी लिहायच्या असतील तर त्याही तशाच.

ऑनलाइन विकलेल्या अन्नपदार्थाला घरी पोचताना किमान ४५ दिवस मुदत उरलेली हवी, असंही तुम्ही कुठे वाचलं असेल. तो मुद्दा घेऊ नका. ७ जूनला ऑगस्टअखेरपर्यंत त्याहून जास्त दिवस होते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो सीमाभागातल्या माणसालाच पडतो. विक्रेता दिल्लीत असला म्हणून दिल्लीला जायचं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटासाठी काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. तुम्ही राहता निपाणीत, म्हणजे बेळगाव जिल्हा. काम कागलला, म्हणजे कोल्हापूर जिल्हा. दोन्ही दारं उघडी आहेत, मात्र जायचं एकाच दारातून. दोन्हीकडे दाखल केलीत तर दोन्हीकडची बिघडेल. मी बेळगावात वकिली करतो, तरी तुम्हाला कोल्हापूरच सांगेन. निपाणीहून जवळ आहे, रोज त्याच वाटेने जाता, आणि तिथे मराठीत लिहिता-बोलता येतं. इथे तक्रार कन्नड किंवा इंग्रजीत करावी लागते. फक्त कागलच्या कंपनीचं ओळखपत्र आणि पगाराची स्लिप जोडा, नाहीतर पहिल्याच तारखेला आधार कार्डावरचा निपाणीचा पत्ता दाखवून हरकत येईल. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि तक्रार e-jagriti.gov.in वरून घरबसल्या करता येते.

विक्रेता आणि वेबसाइट या दोघांनाही सामनेवाले करा. उत्पादकाला सध्या नको. त्याने सरळ उत्तर दिलं तर तो तुमचा साक्षीदार आहे. मागणी ५,१९८ रुपये, कागद असलेला औषधखर्च, आणि त्रास व खर्चापोटी बेताची रक्कम. पाच हजारांच्या मालावर पाच लाख मागितले की आयोग कपाळाला आठ्या घालतो.

माल तपासायचाच झाला तर अर्जात कलम ३८ खाली सीलबंद डबा प्रयोगशाळेत पाठवायची विनंती करा. फी तुम्हाला आधी भरावी लागेल. अन्न सुरक्षा कायद्यात ग्राहकाला स्वतः नमुना तपासून घ्यायची सोय आहे, पण त्यासाठी खरेदी करतानाच विक्रेत्याला तसं सांगायचं असतं, आणि ऑनलाइन खरेदीत ते कोण करतो? तो रस्ता तुमच्यासाठी बंद. चिठ्ठीची माहिती अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना मात्र द्या. ते विक्रेत्याच्या गोदामातून स्वतः नमुना घेऊ शकतात.

नोटीस गेली की बहुधा फोन येईल: पूर्ण पैसे देतो, दोन्ही डबे कुरियरने पाठवा. पैसे घ्यायला हरकत नाही, एवढ्या रकमेसाठी तेच शहाणपणाचं. पण डबा हातातून जाण्याआधी ईमेलवर त्यांच्याकडून लिहून घ्या की बॅच नंबर अमुक, एका डब्यावर एक्स्पायरी ०८/२०२५, दुसऱ्यावर चिकटवलेली ०२/२०२६, असे दोन डबे परत घेत आहोत. हे लिहायला नकार दिला तर सीलबंद डबा कपाटातच राहू द्या.