कॉलेजला द्यायचं सायकॉलॉजिस्टचं पत्र: त्यात नेमकं काय लिहून घ्यायचं

*नमस्कार मॅडम, माझ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे, पाचवीत असताना कळलं. दहावी-बारावीला बोर्डाकडून जादा वेळ मिळाला होता. शाळा मराठी माध्यमाची, बारावी कॉमर्स पण मराठीतूनच, आता एफवायबीकॉमला इंग्लिश मीडियम घेतलंय. कॉलेजच्या ऑफिसमध्ये म्हणाले बोर्डाचं पत्र इथे चालणार नाही. आमच्या सायकॉलॉजिस्ट म्हणतात मी कॉलेजला पत्र देते, काय काय हवंय ते सांगा. काय सांगू? रायटर मागू का? आणि मुलगा म्हणतो वर्गात कुणाला कळायला नको.*

ताई, ऑफिसवाले तुटक बोलले असतील पण अगदी चुकीचं नाही बोलले. बोर्डाची सवलत बोर्डाच्या परीक्षेपुरती असते. कॉलेजला दोन वेगळे कागद लागतात आणि लोक नेहमी ते एकच समजतात. एक म्हणजे सर्टिफिकेट, सरकारी हॉस्पिटलच्या मेडिकल बोर्डाकडून मिळणारं. केंद्राच्या गाइडलाइन्सप्रमाणे लर्निंग डिसॅबिलिटीची, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणींची, तपासणी १४ व्या वर्षी आणि १८ व्या वर्षी परत करायची असते, १८ नंतरचं सर्टिफिकेट मग कायमचं. म्हणजे तुमच्याकडचं शाळेतलं असेल तर आधी नवीन तपासणीची अपॉइंटमेंट घ्या, तारखा लांबच्या मिळतात, पत्राची वाट बघत थांबू नका.

दुसरा कागद म्हणजे हे पत्र. ते सर्टिफिकेटच्या बदल्यात चालत नाही, पण सर्टिफिकेट जे सांगत नाही ते पत्र सांगतं. सर्टिफिकेटवर लिहिलेलं असतं याला लर्निंग डिसॅबिलिटी आहे, फार तर टक्केवारी. त्यामुळे बीकॉमच्या पेपरात या मुलाचं नेमकं कुठे अडतं हे वाचणाऱ्या प्राचार्यांना काहीच कळत नाही.

आणि तुमच्या मुलाच्या बाबतीत तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण त्याचं माध्यम बदललंय. देवनागरीत जसं लिहिलंय तसंच बहुतेक वाचायचं असतं, म्हणून डिस्लेक्सियाची मुलं मराठी हळू वाचतात पण बरीचशी बरोबर वाचतात. इंग्लिशमध्ये though, through, tough तिन्हीचा उच्चार वेगळा, तिथे वेगही जातो आणि अचूकपणाही जातो. बारावीपर्यंत फक्त जादा वेळेवर निभावलं म्हणून आताही निभावेल असं धरू नका. सायकॉलॉजिस्टना सांगा की वाचनाची आणि लेखनाची टेस्ट दोन्ही भाषांत घ्या, इंग्लिशचा मजकूर त्याच्या कॉमर्सच्या पुस्तकातला घेतला तर उत्तमच, आणि दोन्हीतला फरक पत्रात लिहा. जुना पाचवीतला रिपोर्ट बघून लिहिलेलं पत्र कॉलेज पहिल्या ओळीतच बाजूला ठेवतं, तपासणीची तारीख नवीन दिसली पाहिजे.

पत्र एक पानाचं पुरे. वर लेटरहेडवर त्यांचा आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा रजिस्ट्रेशन नंबर, हा नसेल तर पत्राला वजन नाही, म्हणून त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत की नुसत्या काउन्सेलर आहेत हे आधीच विचारून घ्या. मग निदान काय, कधी तपासलं, एवढं दोन ओळीत. आयक्यूचा आकडा, घरची माहिती, लहानपणची हिस्टरी यातलं काहीही नको. तो पूर्ण रिपोर्ट तुमच्या घरी राहू दे. खूप क्लिनिकमध्ये सवयीने दहा पानी रिपोर्टच जोडून देतात आणि तो ऑफिसमध्ये टेबलावरून टेबलावर फिरतो, मुलाला नेमकी त्याचीच भीती आहे ना.

पत्राचा गाभा म्हणजे मागण्या, आणि प्रत्येक मागणीच्या शेजारी तिचं कारण. "शक्य ती सर्व मदत करावी ही विनंती" असं लिहिलेलं पत्र म्हणजे काहीच न मागितल्यासारखं आहे, कॉलेज फाइलला लावतं आणि विसरतं. साधारण असं हवं:

"इंग्रजी मजकूर वाचण्याचा त्याचा वेग कमी आहे आणि प्रश्न समजून घेण्यासाठी त्याला तो दोन-तीनदा वाचावा लागतो, म्हणून प्रत्येक तासामागे २० मिनिटं वाढीव वेळ द्यावा. आकडे उतरवताना त्याच्याकडून त्यांची अदलाबदल होते, उदा. ५४६३ चे ५६४३, म्हणून अकाउंट्सच्या पेपरात कॅल्क्युलेटर द्यावा आणि पद्धत बरोबर असल्यास पायऱ्यांचे गुण द्यावेत. स्पेलिंगच्या चुकांसाठी गुण कापू नयेत."

तासाला २० मिनिटं हा आकडा मनाचा नाहीये, केंद्राच्या ऑगस्ट २०१८ च्या परीक्षा गाइडलाइन्समधला आहे. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं. आणि पत्रात "इंटर्नल टेस्टसह" हे शब्द घालायला सांगाच, नाहीतर सेमिस्टरला वेळ मिळतो आणि वर्गातल्या अर्ध्या तासाच्या टेस्टला कुणी विचारत नाही, तिथले मार्क गेले की गेले. २०१८ च्या त्या गाइडलाइन्स ४० टक्के आणि त्याहून जास्त डिसॅबिलिटीवाल्यांसाठी होत्या. त्याखालच्या टक्केवारीसाठी १० ऑगस्ट २०२२ च्या वेगळ्या गाइडलाइन्स होत्या, त्यात लिहायला अडचण असल्याचं सर्टिफिकेट लागायचं, म्हणून आता काय लागू आहे ते परीक्षा विभागात विचारून घ्या.

आता रायटर. माझं मत, लगेच मागू नका. रायटरला डिक्टेट करणं ही वेगळीच कला आहे, लेजरचा खाना न खाना तोंडाने सांगून बघा, कळेल. त्यात स्वतःचा रायटर न्यायचा तर त्याचं शिक्षण परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी हवं असा नियम आहे, म्हणजे बहुतेक वेळा अकाउंट्स न शिकलेलं कुणीतरी जर्नल एंट्री लिहिणार. तुमच्या मुलाचा त्रास वाचताना जास्त आहे असं वाटतं, तसं असेल तर रीडर मागा, प्रश्न वाचून दाखवणारा, उत्तर तो स्वतः लिहील. पण हे टेस्टवर ठरवा, माझ्या म्हणण्यावर नाही. घरी एक जुना पेपर एकदा स्वतः वाचून आणि एकदा कुणीतरी वाचून दाखवून सोडवायला लावा, मार्कात मोठा फरक पडला तर तोही सायकॉलॉजिस्टना दाखवा.

पत्र कुणाला, तर प्राचार्यांना, प्रत परीक्षा अधिकाऱ्यांना. इंटर्नलमध्ये काय द्यायचं ते कॉलेज ठरवू शकतं, सेमिस्टरच्या पेपरला मात्र विद्यापीठाची परवानगी लागते आणि तो प्रस्ताव कॉलेजमार्फतच जातो. म्हणून परीक्षेचा फॉर्म भरायच्या आधी द्या, हॉल तिकीट आल्यावर धावपळ करून बहुतेक वेळा काही होत नाही. विद्यापीठाचं स्वतःचं परिपत्रक असतं, ते परीक्षा विभागातून मागून घ्या आणि त्यातलेच शब्द मागण्यांमध्ये वापरा. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती स्वतःकडे ठेवा. कुणी तोंडी "नाही होत" म्हणालं तर शांतपणे लेखी द्या म्हणा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही डिसॅबिलिटी आहे आणि परीक्षेत जादा वेळ, लेखनिक वगैरे बदल कलम १७ मध्ये लिहिलेले आहेत, पत्रात शेवटी या कलमाचा एका ओळीत उल्लेख असू दे, धमकीच्या सुरात नको.

राहिलं मुलाचं म्हणणं. तो १८ चा झाला असेल तर अर्ज त्याच्या सहीने जायला हवा, तुमच्या नाही, आणि माहिती कुणाला द्यायची हेही तोच ठरवणार. पत्रात एक ओळ घालून घ्या की ही माहिती फक्त प्राचार्य, परीक्षा विभाग आणि संबंधित विषयशिक्षकांपुरती ठेवावी. वेगळ्या खोलीत बसवलं की मुलं विचारणारच, ते पूर्ण टाळता येत नाही हे त्याला आधीच सांगा. काय उत्तर द्यायचं ते त्याला ठरवू दे. माझ्याकडे येणारी काही मुलं सरळ "मला वाचायला वेळ लागतो" म्हणतात, काही "मेडिकल कारण आहे" म्हणून सोडून देतात, दोन्ही चालतं.