कटलेट तेलात सोडले की फुटतात

प्रश्न: कटलेट हातावर छान वळले जातात, पण तेलात सोडले की फुटतात. कॉर्नफ्लोअर वाढवून पाहिलं, तरी तेच. काय चुकतंय?

उत्तर: तुमच्या बटाट्यात पाणी राहतंय, कॉर्नफ्लोअरचा दोष नाही. ते गार सारणात नुसतं पडून असतं, तापल्यावर फुगून चिकटतं. तोवर आतल्या पाण्याची वाफ होऊन कटलेटला तडा गेलेला असतो.

मीही लवकर शिजावेत म्हणून बटाटे चिरून पाण्यात उकडायचे. चिरलेल्या बाजूंनी ते पाणी पितात. आता सालासकट अख्खे, कुकरच्या डब्यात पाणी न घालता उकडते. साल फाटली की जास्त शिजले समजायचं. गरम असतानाच सोलून ताटात पसरते, म्हणजे वाफ निघून जाते, आणि मग न झाकता दोन तास फ्रिजमध्ये ठेवते. गार झाल्यावर बटाटा घट्ट होतो. मग किसायचा. कुस्करून मळत बसलात तर चिकट लगदा होतो, आणि मिक्सर तर अजिबात नको.

बाकी भाज्या परतून कोरड्या करून, गार झाल्यावरच मिसळा. मीठ अगदी वळायच्या आधी घाला, नाहीतर कच्च्या कांद्याला पाणी सुटतं.

आता बांधणी. माझी पसंती ब्रेडच्या कोरड्या चुऱ्याला, कारण तो कच्च्या सारणातलंच पाणी शोषतो. अर्धा किलो बटाट्याला तीन टेबलस्पून चुरा घालून दहा मिनिटं थांबा. चुऱ्याला भिजायला वेळ लागतो. लगेच हात लावून 'अजून सैलच आहे' म्हणत आणखी घातला की कटलेट कोरडे ठक्क होतात. मग गोळा मुठीत दाबा. तळहाताला चिकटला तर आणखी एक चमचा चुरा. चपटा करताना कडेला भेगा पडल्या तर उलट झालंय, हात ओला करून वळा. चुरा नसेल तर कोरडे पोहे मिक्सरमध्ये बारीक करून चालतात. कॉर्नफ्लोअर सारणात एकच चमचा घाला, जास्त झालं तर कटलेट रबरासारखे लागतात. ते पाण्यात पातळ कालवून बाहेरून लावायला मात्र उत्तम: त्यात बुडवायचं, चुऱ्यात घोळवायचं आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचं.

आधी एकच तळून बघा, सगळे एकदम नाही! तेल कमी तापलेलं असेल तर बाहेरचं कवच धरायच्या आत कटलेट मऊ पडून पसरतो. सारणाचा कण टाकल्यावर तो लगेच बुडबुडे काढत वर यायला हवा. सोडल्यावर दोन मिनिटं झारा लावू नका. खालची बाजू तांबूस झाली की कटलेट आपणहून सुटतो, तेव्हाच उलटा. तरीही पहिलाच फुटला, तर उरलेल्या सारणात दोन चमचे चुरा मिसळून पुन्हा दहा मिनिटं ठेवा.