सरांनी मराठीत दिलेलं शिफारसपत्र इंग्रजीत कसं आणायचं?

प्रश्न: परदेशातल्या एमएस्सीच्या शिष्यवृत्तीसाठी सरांनी माझं शिफारसपत्र मराठीत लिहून दिलंय. म्हणाले, इंग्रजी करून आण, मी सही करतो. पत्रात "अत्यंत हुशार, कष्टाळू, आज्ञाधारक" असं बरंच आहे. इंग्रजीत ते फार पोकळ वाटतंय. काय करू?

मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. विज्ञान शाखेतले सहकारी अशी पत्रं माझ्याकडे आणतात, त्यामुळे गेल्या काही वर्षांत बरीच इंग्रजीत केली आहेत. तुमचं पत्र पोकळ वाटतंय ते तुमचं इंग्रजी कमी पडतं म्हणून नाही. सरांना जे माहीत आहे ते अजून कागदावरच आलेलं नाही, आणि जे कागदावर नाही त्याचं भाषांतर कोणालाच जमणार नाही. म्हणून आधी सरांकडे परत जा.

पण त्याआधी अर्जाच्या सूचना नीट वाचा. पुष्कळ ठिकाणी सरांच्या ईमेलवर थेट लिंक जाते आणि पत्र त्यांनीच चढवायचं असतं. अमेरिकी विद्यापीठांच्या अर्जात तर "हे पत्र पाहण्याचा हक्क सोडता का" असं विचारतात, आणि बहुतेक मुलं "हो" वर खूण करतात. तशी खूण केली असेल तर पत्राचं भाषांतर तुम्ही स्वतः करणं बरोबर नाही. सरांना सांगा, तुमच्या महाविद्यालयातल्या इंग्रजीच्या शिक्षकांकडे ते द्या. तशी अट नसली तरी मी तिसऱ्या माणसाकडेच द्यायला सांगेन. मुलाने स्वतः भाषांतर केलं की त्याच्या निवेदनातली वाक्यं नकळत सरांच्या तोंडी येतात, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचणाऱ्याच्या ते लक्षात येतं.

आता एक पत्र उदाहरण म्हणून घेते. मुलगी भूशास्त्राची, एमएस्सीच्या प्रबंधासाठी तिने एका दुष्काळी पट्ट्यातल्या विहिरींची पाणीपातळी मोजली होती. सरांचा मसुदा साधारण असा: "कु. अमुक ही अत्यंत हुशार, मनमिळाऊ, कष्टाळू व आज्ञाधारक विद्यार्थिनी आहे. तिचा शैक्षणिक आलेख सदैव चढता राहिला आहे. प्रबंधासाठी ३८ विहिरींचे पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर मोजमाप करण्यात आले. सदर काम तिने जिद्दीने पूर्ण केले. तिच्या उज्ज्वल भविष्यासाठी हार्दिक शुभेच्छा."

मराठीत या पत्रात काही खोट नाही. आपल्याकडे शिफारसपत्र म्हणजे मोठ्या माणसाने दिलेला आशीर्वाद, आणि सरांनी तो मनापासून दिला आहे. पण शिष्यवृत्तीच्या समितीपुढे हीच विशेषणं शेकडो पत्रांत येतात. त्यांना एवढंच कळून घ्यायचं असतं की सरांनी हे कशावरून ठरवलं.

मी सरांना विचारलं, "जिद्दीने म्हणजे नेमकं काय केलं तिने?" सर जरा थांबले आणि मग सांगू लागले. मे महिन्यात ती रोज सकाळी लवकर विहिरी मोजायची, कारण पंप सुरू व्हायच्या आत पाणी स्थिर असतं. सगळ्या नोंदी झाल्यावर नकाशावर पातळीच्या रेषा काढताना ११ विहिरी शेजारच्या विहिरींपेक्षा एकदम खाली दिसल्या. काळ्या खडकाच्या भागात असं होऊ शकतं, शेजारशेजारच्या दोन विहिरींचं पाणी सारखं नसतं. तेवढ्यावर ती सोडून देऊ शकली असती. तिने वही उघडून तारखा पाहिल्या, तर त्या अकराही नोंदी एकाच तीन दिवसांतल्या होत्या. गावात चौकशी केल्यावर कळलं की त्या दिवसांत शेतीची थ्री-फेज वीज रात्रीची होती. पंप रात्रभर चालले होते आणि सकाळी ती पोहोचली तेव्हा विहिरी नुकत्याच उपसलेल्या होत्या. ती सरांकडे आली आणि म्हणाली, "सर, माझ्या अकरा नोंदी चुकीच्या आहेत." मग रात्रपाळीच्या दिवसांत संध्याकाळी, वीज यायच्या आत, तिने त्या अकराही विहिरी पुन्हा मोजल्या.

हे सगळं सरांना तोंडपाठ होतं. "जिद्दीने" या एका शब्दात त्यांनी ते गुंडाळून ठेवलं होतं. इंग्रजी पत्राचा मधला परिच्छेद आम्ही याच प्रसंगाचा केला: सहा-सात वाक्यं, एकही विशेषण नाही. शेवटी सरांचं मत एका वाक्यात: तिची चूक माझ्या लक्षात येण्याआधी तिने स्वतः येऊन सांगितली, आणि संशोधनाला लागणारा हा गुण शिकवून येत नाही.

दुसरा प्रश्न मी विचारला तो "मोजमाप करण्यात आले" यावर. असल्या रचनेत मराठीत कर्ता गायब झाला तरी कोणाला खटकत नाही, सरकारी पत्रांनी ती सवय लावली आहे. शिफारसपत्रात मात्र काम कोणी केलं हाच मुद्दा असतो. भाषांतर करणाऱ्याने अंदाजाने "तिने" घातलं तर ते खोटं ठरू शकतं, आणि इथे ठरलंच असतं. सरांनी आठवून सांगितलं की उन्हाळ्याची फेरी तिने एकटीने केली, पण पावसाळ्यानंतरच्या फेरीत दुसरा एक विद्यार्थी बरोबर होता. आम्ही तसंच लिहिलं. "दुसरी फेरी एका सहविद्यार्थ्याबरोबर" या शब्दांनी तिचं श्रेय कमी झालं नाही, उलट पहिल्या फेरीवर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. तुमच्या मसुद्यात "करण्यात आले", "घेण्यात आली", "राबवले गेले" असं जिथे जिथे असेल तिथे खूण करा आणि प्रत्येकाचा कर्ता सरांना विचारा.

"आज्ञाधारक" बद्दल तुम्हाला वाटतंय ते खरं आहे. इंग्रजीत "ओबीडियंट" लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, ही सांगितलं तेवढंच करते. संशोधनाच्या शिष्यवृत्तीत हा शब्द थेट नुकसान करतो. पण तो नुसता खोडू नका, कारण सरांना त्यातून काहीतरी म्हणायचं असतं. आमच्या सरांना म्हणायचं होतं की प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्यांनी दोनदा परत दिलं आणि दोन्ही वेळा ती वाद न घालता, पण स्वतःचे प्रश्न घेऊन परत आली. तेच लिहिलं. "मनमिळाऊ" चंही तसंच. ३८ विहिरींचे मालक म्हणजे जवळपास तितकी घरं, आणि प्रत्येकाची परवानगी तिने स्वतः जाऊन घेतली होती.

"सर्वोत्तम विद्यार्थ्यांपैकी एक" हे वाक्य असेल तर सरांना आकडा विचारा. किती वर्षांत, कितीजणांत? आमच्या सरांनी यादी काढली: १४ वर्षांत एमएस्सीचे २३ प्रबंध. मी विचारलं, "मग ही पहिली?" ते म्हणाले, "नाही. पहिल्या तिघांत." मुलीला वाटत होतं पहिली लिहावं. सर बधले नाहीत, आणि मला ते फार आवडलं. "मी मार्गदर्शन केलेल्या तेवीसजणांत पहिल्या तिघांत" हे वाक्य मोजून काढल्यासारखं वाटतं, कारण ते खरंच मोजून काढलेलं आहे.

गुणांबाबत थोडी काळजी घ्या. तिला बीएस्सीला ६८ टक्के होते. आपल्याकडे ६० च्या वर प्रथम वर्ग. ब्रिटनमध्ये पहिला वर्ग साधारण ७० पासून सुरू होतो, आणि अमेरिकी वाचकाला ६८ म्हणजे जेमतेम पास वाटतं. म्हणून नुसते टक्के न लिहिता "प्रथम वर्ग, २४ जणांच्या वर्गात दुसरी" असं लिहिलं. "चढता आलेख" काढून त्याजागी कोणत्या विषयात ती आधी कच्ची होती ते घातलं. पहिल्या सत्रात तिला सांख्यिकी जड गेली होती, प्रबंधात मात्र तिने सगळं विश्लेषण स्वतः केलं.

काही शब्द आपल्या इंग्रजीत इतके रुळलेत की चूक वाटतच नाही. "आय ॲम नोइंग हर सिन्स टू इयर्स" नको, "आय हॅव नोन हर फॉर टू इयर्स" हवं. "पासआउट" लिहू नका, बाहेर त्याचा पहिला अर्थ बेशुद्ध पडणे असा होतो. "गाइड" ऐवजी "सुपरवायझर". "सदर विद्यार्थिनी" चं शब्दशः "द सेड स्टुडंट" केलं तर पंचनाम्यासारखं वाटतं, तिथे सरळ आडनाव लिहा. महाविद्यालयाची स्थापना, संस्थेचा इतिहास आणि सरांचे पुरस्कार असा पहिला परिच्छेद असेल तर त्याचं एकच वाक्य करा: सर कोण, तुम्हाला कधीपासून आणि कोणत्या नात्याने ओळखतात. उज्ज्वल भविष्याच्या शुभेच्छांऐवजी शेवटी सरांचं स्पष्ट वाक्य हवं, की या विशिष्ट अभ्यासक्रमासाठी मी हिची शिफारस करतो आणि काही विचारायचं असल्यास मला संपर्क करा. सगळं मिळून एक पान पुरतं.

सही करण्याआधी एक गोष्ट मी कधीच टाळत नाही. इंग्रजी पत्र घेऊन सरांसमोर बसते, एकेक वाक्य वाचते आणि त्याचा अर्थ मराठीत सांगते. सर जिथे "मी असं म्हटलं नव्हतं" म्हणतात ते वाक्य तिथल्या तिथे खोडते, मग ते इंग्रजीत कितीही छान जमलेलं असो. समितीकडून सरांना फोन आला तर अकरा विहिरींची गोष्ट त्यांना त्यांच्या साध्या इंग्रजीत सांगता आली पाहिजे. म्हणून पत्राचं इंग्रजीही साधंच ठेवते, जे शब्द सर एरवी वापरणार नाहीत ते मी घालत नाही.

पत्र लेटरहेडवर, तारखेसह, आणि शक्यतो सरांच्या महाविद्यालयाच्या ईमेलवरून जाऊ द्या. मूळ मराठी मसुदा सरांच्या सहीसह जपून ठेवा. पुढच्या वर्षी दुसऱ्या शिष्यवृत्तीला अर्ज करायचा झाला तर काम पुन्हा त्या मसुद्यापासूनच सुरू करा, आधीच्या इंग्रजी पत्रात इकडचं तिकडे करून नको.

उद्या सरांकडे जाताना मसुद्याची झेरॉक्स न्या, प्रत्येक विशेषणाखाली रेघ ओढा, आणि एकेकावर बोट ठेवून विचारा, "सर, हे लिहिताना तुम्हाला कोणता दिवस आठवला?"