'फक्त ड्रायक्लीन' लिहिलेला रेशमी कुर्ता घरी धुवायचा असेल तर

लेबलवर काहीही लिहिले असले, तरी निर्णय कापड, रंग आणि शिवण पाहूनच घ्यावा. तुमचा कुर्ता साध्या विणीच्या रेशमाचा, एकाच रंगाचा आणि बिनअस्तराचा असेल, तर तो बहुधा हाताने धुता येतो. अस्तर किंवा कॉलरमध्ये बकरम असल्यास मात्र धुऊ नये, कारण दोन्ही कापडे सारखी आटत नाहीत आणि कॉलरवर फुगे येतात. क्रेप आणि जॉर्जेटचे धागे घट्ट पिळाचे असल्याने पाण्यात आखडतात; जरीकाम आणि मखमल यांच्या वाटेला तर जाऊच नये.

खरी परीक्षा रंगाची असते. आतल्या बाजूला, शिवणीच्या दाबावर साबणाच्या पाण्याचे थेंब टाकून पाच मिनिटांनी पांढरे सुती फडके दाबून धरावे. फडक्यावर रंग उतरला, तर बेत तिथेच सोडावा. रंग उतरला नाही, तरी ती जागा वाळू द्यावी, कारण पाण्याचा डाग किंवा चुणी वाळल्यावरच दिसते.

कुर्ता उत्तीर्ण झाल्यास गार पाण्यात थोडे रिठ्याचे पाणी किंवा रेशमासाठीचा सौम्य द्रव साबण मिसळावा. नेहमीची पावडर अल्कधर्मी असल्याने रेशमाची चमक घालवते. दोन-तीन मिनिटे नुसते हलवून धुवावे, चोळू नये, भिजत ठेवू नये. पिळण्याऐवजी टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे, सावलीत वाळवावे आणि किंचित दमट असतानाच उलट बाजूने मंद इस्त्री फिरवावी.