आजोबांच्या हजेरीमाफीचा अर्ज

तुझा मसुदा वाचला. ‘आरोपी वृद्ध व आजारी आहे’ एवढ्यावर इंदूरच्या कोर्टात काम भागणार नाही. वय हे कारण नव्हे, त्या तारखेला का येता येत नाही, हे कारण.

आधी कलम ठरव. एका तारखेपुरती माफी हवी असेल तर नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५५, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३१७. समन्स काढताना मॅजिस्ट्रेट जी सूट देऊ शकतात ती २२८ खाली, जुनं २०५. तुझ्या ७८ वर्षांच्या आजोबांचं मांडीचं हाड मोडलंय, खटला सुरू आहे, म्हणजे ३५५.

डॉक्टरांच्या दाखल्यात नुसतं ‘विश्रांती’ नको. अमुक तारखेपर्यंत बसून प्रवास करता येणार नाही, असं लिहून घे. महिन्यापूर्वीचा दाखला जोडलास तर सरकारी वकील तिथेच बोट ठेवतील.

अर्जात दोन वाक्यं हवीतच: आरोपीच्या ओळखीबद्दल वाद नाही, आणि आरोपी नसताना वकिलासमोर साक्ष नोंदवायला हरकत नाही. दुसरं वाक्य राहिलं की साक्षीदार परत जातो आणि न्यायाधीश चिडतात. (हिंदीत ‘हाजिरी माफी’च लिही, इथे सगळे तेच म्हणतात.)

अर्ज पुकारा होण्याआधी दे, आणि वकील म्हणून स्वतः हजर राहा. वकीलच नसेल तर या कलमाखाली माफी मिळत नाही, मग वॉरंट निघू शकतं.